दुकानदाराला पाठवायचा कॅटलॉग: बचत गटाच्या चटणी-भाकरीचं उदाहरण घेऊन पहिल्या पानापासून ऑर्डरपर्यंत

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाची सचिव आहे. आम्ही शेंगा चटणी, जवस चटणी, कारळ चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी करतो. प्रदर्शनात माल हातोहात जायचा, म्हणून पुण्यातल्या दुकानांना माल द्यायचं ठरवलं आणि बावीस पानांचा सुंदर कॅटलॉग केला. त्यात गटाची वाटचाल होती, सगळ्या सदस्यांचे फोटो होते, सत्काराचे फोटो होते. पहिल्या दुकानदाराने गल्ल्यावर उभ्या उभ्या तो मोबाइलवर उघडला, तीन-चार वेळा बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, मला काय भावात पडणार? आणि किती दिवस टिकतं?" दोन्ही उत्तरं एकोणिसाव्या पानावर होती.

प्रदर्शनातलं गिऱ्हाईक चव घेऊन विकत घेतं. दुकानदार हिशेब करून घेतो. खाली सांगते ते सगळं दुकानदाराच्या कॅटलॉगबद्दल आहे. आकडे आमच्या वहीतले आहेत, तुमच्याकडचे भाव घालून तेच गणित तुम्हाला मांडता येईल.

## सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एफएसएसएआय नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते.
- गटाच्या नावाचं बॅंक खातं. त्याचा क्रमांक आणि आयएफएससी.
- प्रत्येक मालाचं छापलेलं लेबल लावलेलं तयार पाकीट. नुसता नमुना चालणार नाही, विकायला जाईल तेच पाकीट हवं.
- वैधमापन विभागाचा चालू शिक्का असलेला वजनकाटा.
- बरा कॅमेरा असलेला मोबाइल, आणि गुगल स्लाइड्स, पॉवरपॉइंट किंवा कॅनव्हा यांपैकी तुमच्या हाताला सवय असलेलं काहीही.

लेबल तयार नसेल तर कॅटलॉग थांबवा. दुकानदार पाकीट उलटं करून आधी मागची बाजू वाचतो. घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, लॉट नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा शाकाहारी ठिपका आणि एफएसएसएआय क्रमांक तिथे नसेल तर तो माल फळीवर ठेवत नाही, कारण तपासणी झाली तर त्यालाही उत्तर द्यावं लागतं. एमआरपीजवळ ग्रॅममागची किंमतही छापावी लागते. २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना असेल तर ग्रॅममागे ०.४५ रुपये.

## १. आधी माल निवडा, तो थोडाच ठेवा

आमच्याकडे तेव्हा चौदा प्रकार होते. कॅटलॉगमध्ये आता चार आहेत. एखादा प्रकार त्यात घालायचा की नाही, हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: दुकानदाराने एकदम शंभर पाकिटं मागितली, तर आठवड्यात त्याच चवीची, त्याच वजनाची देता येतील का? पुरणपोळी आमची फार नावाजलेली, पण ती दुकानात टिकत नाही. सांडगे फक्त उन्हाळ्यात होतात. दोन्ही काढले.

टिकण्याचे दिवस अंदाजाने लिहू नका. एकाच लॉटची दहा-बारा पाकिटं बाजूला ठेवा. निम्मी थंड अंधाऱ्या जागी, निम्मी दुकानासारख्या उजेडाच्या फळीवर. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडचं एकेक फोडून वास घ्या, चव घ्या, तारखेसह लिहून ठेवा. शेंगदाण्याचं तेल हवेने आणि उजेडाने खवट होतं, आणि उखळात कुटलेल्या आमच्या चटणीला तेल सुटलेलं असतं, त्यामुळे ते लवकर लक्षात येतं. आमच्याकडे अंधारातलं पाकीट तीन महिन्यांनीही चांगलं होतं, फळीवरचं अडीच महिन्यांत जिभेला किंचित कडवट लागलं. आम्ही लेबलवर दोन महिने लिहिलं. शक्य असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या, मोठी दुकानं तो कागद मागतात. कडक भाकरीचं दुखणं निराळं. ती खराब होण्याच्या आधी सादळते. पाकिटाची शिवण नीट बसली नाही तर पावसाळ्यात आठ दिवसांत मऊ पडते.

## २. दर काढा: दुकानदाराचा टक्का एमआरपीवर असतो

सगळ्यात जास्त गट इथे फसतात. आम्हीही फसलो. म्हणून शेंगा चटणीचा एक घाणा पूर्ण मांडून दाखवते.

दहा किलो शेंगदाणे १३० रुपयांनी १,३०० रुपये. लसूण ९०, तिखट १५०, मीठ-जिरं ४०. गॅस आणि वीज १२०. एकूण १,७०० रुपये. शेंगदाणे भाजून, साल पाखडून नऊ किलोच्या आसपास उरतात. मसाला मिळवून, कुटताना थोडी सांडलवंड होऊन दहा किलो चटणी हाती येते, म्हणजे २०० ग्रॅमची ५० पाकिटं. पाकिटामागे कच्चा माल आणि इंधन ३४ रुपये.

आता पाकीट आणि लेबल ५ रुपये. दोघींची दिवसाची मजुरी ६००, म्हणजे पाकिटामागे १२. तीस पाकिटांचं खोकं आणि चिकटपट्टी, पाकिटामागे १ रुपया. पुण्यापर्यंत एका खोक्याचं भाडं ९० रुपये, पाकिटामागे ३. फुटतूट आणि परतीसाठी २. इथपर्यंत ५७ झाले. गटाचा नफा ८ धरला, तर आमच्या हातात ६५ रुपये पडायला हवेत.

मजुरी धरायला विसरू नका. पुष्कळ गटांच्या हिशेबात ती नसते, कारण बायका घरचंच काम समजून कुटतात. मग ऑर्डर वाढली की बाहेरून माणूस लावावा लागतो आणि दर परवडेनासा होतो.

दुकानदार म्हणाला, "मला पंचवीस टक्के सुटले पाहिजेत." आम्ही ६५ वर पंचवीस टक्के चढवले, ८१ आले, सरळ आकडा म्हणून ८० एमआरपी छापली. त्याने बिल करताना ८० मधून पंचवीस टक्के वजा केले आणि आमच्या हातात ६० ठेवले. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुकानाच्या व्यवहारात टक्का एमआरपीवर मोजतात. आमचा मात्र आठातला पाच रुपये नफा गेला, आणि लेबलं छापून झाली होती म्हणून बारा खोकी, म्हणजे ३६० पाकिटं, तशीच द्यावी लागली. अठराशे रुपये गेले.

बरोबर रीत उलटी आहे. पंचवीस टक्के त्याचे, म्हणजे एमआरपीतले पंचाहत्तर टक्के आपले. ६५ ला ०.७५ ने भागा, ८६ रुपये ६७ पैसे येतात. आम्ही एमआरपी ९० केली आणि दुकानाचा दर ६७. तो वीस टक्क्यांवर तयार असेल तर ०.८० ने भागा, तीस म्हणाला तर ०.७० ने.

मधे वितरक येणार असेल तर त्याचे आठ-दहा टक्केही याच एमआरपीतून जातात. वरच्या ९० रुपयांतून पस्तीस टक्के गेले तर आपल्याकडे साडेअठ्ठावन्न उरतात, म्हणजे मजुरी आणि भाडं भागून जेमतेम दीड रुपया. म्हणून आम्ही सध्या थेट दुकानांनाच देतो. वितरक हवाच असेल तर एमआरपी छापण्याआधी ठरवा. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त भावाने कुणालाच विकता येत नाही, त्यामुळे नंतर वाढवायला जागा राहत नाही.

जीएसटीचंही एक वाक्य दरपत्रकावर हवं. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला, आणि तोही राज्यातल्या राज्यात, वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी आकारायचा नाही आणि दुकानदारालाही त्याची वजावट मिळणार नाही. "गट जीएसटी नोंदणीकृत नाही, दर अंतिम" एवढं लिहिलं की बिलाच्या वेळचा वाद टळतो.

## ३. फोटो: पाकिटाचे दोन, मालाचा एक

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी फोटो काढा. फ्लॅश लावू नका, चकचकीत पाकिटावर पांढरा डाग उमटतो आणि नेमकं वजन झाकलं जातं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली फिकी होते. शेंगा चटणी कमी उजेडात काळपट दिसते, जळल्यासारखी. पांढऱ्या ताटलीत थोडी मोकळी करून घेतली की कुटलेल्या दाण्याचा जाडसरपणा दिसतो, आणि मिक्सरच्या पिठासारख्या चटणीहून ती वेगळी आहे हे न सांगता कळतं.

प्रत्येक मालाचे तीन फोटो पुरतात: पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू आणि ताटलीतला माल. मागच्या बाजूचा फोटो मोठा करून अक्षर वाचता आलं पाहिजे. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो घेऊ नका. दुकानदार खोकं उघडून कॅटलॉगशी ताडून पाहतो.

## ४. पानं: फोनवर वाचण्याजोगी, आठाच्या आत

पान उभं ठेवा. आडव्या पानावरची अक्षरं फोनवर मुंगीएवढी होतात. अक्षर युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा, मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चांगले दिसतात. आमच्या पहिल्या कॅटलॉगचं काम छपाईवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये केलं होतं, दुसऱ्याच्या फोनवर "ज्वारी"चं भलतंच काहीतरी झालं. फाइल पीडीएफ करून वेगळ्या फोनवर उघडून बघा, मगच पाठवा.

आमचा क्रम असा आहे. पहिल्या पानावर गटाचं नाव, गाव, चारही पाकिटांचा एकत्र फोटो, फोन. त्याखाली तीनच ओळी: काय करतो, आठवड्याला किती देऊ शकतो, एफएसएसएआय क्रमांक. पुढची चार पानं चार मालांची. प्रत्येकावर वजन, एमआरपी, किती दिवस टिकतं, खोक्यात किती पाकिटं, कुठे ठेवावं. सहाव्या पानावर अटी, सातव्यावर ऑर्डर कशी द्यायची. गटाची वाटचाल आता कॅटलॉगमध्ये नाही, कुणी विचारलं तर फोनवर आनंदाने सांगते.

मालाच्या पानावर कुठल्याही आजाराचं नाव घालू नका. जवस चटणीवर "हृदयरोगावर गुणकारी" लिहायचा मोह आम्हालाही झाला होता. खाद्यपदार्थ आजार बरा करतो असा दावा कायद्याने करता येत नाही. "सेंद्रिय" हा शब्दही प्रमाणपत्र असल्याशिवाय दुकानाच्या मालावर नको.

भाकरीची एक खास अडचण. आम्ही "१० नग" लिहायचो. पण हाताने थापलेली प्रत्येक भाकरी सारखी नसते, एका पाकिटात २६० ग्रॅम भरायचे, दुसऱ्यात २३०. आता वजन २५० ग्रॅम छापतो आणि काट्यावर तेवढं भरेल असं पाकीट लावतो, नग कधी दहा, कधी अकरा. पाकिटाचं स्वतःचं वजन यात धरायचं नाही.

## ५. दरपत्रक वेगळ्या फाइलमध्ये ठेवा

दुकानाचा दर मुख्य कॅटलॉगमध्ये छापू नका. आमची फाइल फिरत फिरत एका गिऱ्हाइकाकडे पोचली, आणि तिने दुकानात जाऊन विचारलं की ६७ ची वस्तू ९० ला का देता. दुकानदार आमच्यावर रागावला, आणि त्याचं बरोबर होतं. आता कॅटलॉगमध्ये फक्त एमआरपी असते. दुकानाचे दर एका पानाच्या वेगळ्या पीडीएफमध्ये, फक्त दुकानदाराला, बोलणं झाल्यावर.

ते पान असं दिसतं:

| खूण | माल | एमआरपी | दुकानाचा दर | खोक्यात पाकिटं | खोक्याची रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| शे२०० | शेंगा चटणी २०० ग्रॅम | ९० | ६७ | ३० | २,०१० |
| ज२०० | जवस चटणी २०० ग्रॅम | ८० | ६० | ३० | १,८०० |
| का२०० | कारळ चटणी २०० ग्रॅम | ९० | ६७ | ३० | २,०१० |
| भा२५० | ज्वारी कडक भाकरी २५० ग्रॅम | ७० | ५२ | २० | १,०४० |

वर तारीख, खाली "हे दर अमुक तारखेपर्यंत". शेंगदाण्याचा भाव हलता असतो, म्हणून आम्ही तीन महिन्यांच्या पुढे दर बांधून देत नाही. फाइलच्या नावातही महिना घाला. जुनं दरपत्रक दुकानदाराच्या फोनमध्ये वर्षभर पडून राहतं आणि तो तेच उघडून दाखवतो. तारीख छापलेली असेल तर बोलणं तिथेच मिटतं.

## ६. अटी: प्रत्येक अटीमागे कारण हवं

एका दुकानाने पहिल्यांदा पाच पाकिटं मागितली. नाही म्हणवेना, पाठवली. भाडं तेवढंच, ९० रुपये. पाकिटामागे अठरा. त्या दिवसापासून कमीत कमी ऑर्डर एक खोकं. नवीन दुकानाला तीस शेंगा चटणी एकदम घेण्याची भीती वाटते, म्हणून तिन्ही चटण्या दहा-दहा असं मिश्र खोकं १,९४० रुपयांना देतो. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

ऑर्डर सोमवारी संध्याकाळपर्यंत, माल गुरुवारी निघतो. मधल्या दोन दिवसांत आम्ही भाजतो, कुटतो, भरतो. तयार साठा ठेवत नाही, त्यामुळे दुकानात पोचेल तेव्हा दोन महिन्यांतले निदान पन्नास दिवस शिल्लक असतात. हे वाक्य अटींमध्ये लिहिलेलं आहे आणि दुकानदाराला सगळ्यात जास्त तेच आवडतं.

पैसे: पहिल्या दोन ऑर्डरी आगाऊ, पुढे पंधरा दिवसांची उधारी, मागचं बिल मिटल्याशिवाय पुढचं खोकं नाही. ही शेवटची ओळ आधी नव्हती. एका दुकानाकडे तीन खोक्यांची उधारी साचली आणि पुढच्या घाण्याचे शेंगदाणे घ्यायला गटातल्या अंतर्गत कर्जातून पैसे काढावे लागले.

परतीचं सविस्तर लिहा, नाहीतर भांडणं तिथेच होतात. आमचे तीन भाग आहेत. वाहतुकीत फुटलेलं पाकीट: माल मिळाल्यापासून २४ तासांत लॉट नंबर दिसेल असा फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात बदलून देतो. सादळलेली किंवा खवट निघालेली: मुदतीच्या आत असेल तर बदलून देतो, आणि तो लॉट आमच्या वहीत तपासतो. न विकलेली: मुदत संपायच्या वीस दिवस आधी कळवलं तर खोक्यातली तीन पाकिटांपर्यंत बदलून देतो, मुदत संपल्यावर काही परत घेत नाही. पाकिटामागे दोन रुपये फुटतूट धरले होते ते यासाठीच. तीसपैकी एखादंच परत येतं तोवर ते पुरतात. नेहमी तीन परत येऊ लागली तर त्या दुकानात तो माल चालत नाही असं समजून दुसरा प्रकार सुचवा.

भाड्याचं: पुण्यापर्यंतचं आमच्या दरात आहे. त्यापलीकडचं दुकानदाराचं. स्पष्ट लिहा.

## ७. ऑर्डरची भाषा ठरवून द्या

"चटणी ३० पाठवा" असा निरोप आला होता. आम्ही शेंगा चटणी पाठवली, त्याला कारळ हवी होती. तेव्हापासून प्रत्येक मालाला खूण आहे आणि कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर नमुना निरोप छापलेला आहे, दुकानदार तोच उचलून आकडे बदलतो:

```
दुकान: ____
शे२०० : १०
ज२०० : १०
का२०० : १०
माल हवा: गुरुवार
```

निरोप आल्यावर रकमेसह तोच परत पाठवा आणि त्याचं "हो" येईपर्यंत शेंगदाणे भाजायला घेऊ नका.

पैसे भरायला गटाच्या खात्याचा क्रमांक द्या. एखाद्या ताईच्या फोनवरचा क्यूआर देणं सोपं वाटतं, आम्हीही दिला होता. महिनाअखेरीस तिच्या घरचे आणि गटाचे पैसे वेगळे करता करता दोघींमध्ये अबोला झाला. गटाच्या खात्यावर दोन-तीन सह्या लागतात, तेव्हा त्या खात्यात फक्त पैसे जमा होतील असा क्यूआर मिळेल का, हे तुमच्या बॅंकेत विचारा. मिळेपर्यंत क्रमांक आणि आयएफएससी पुरे.

## ८. पाठवायची रीत

अनोळखी दुकानाला नुसती पीडीएफ धाडू नका. दुपारी तीन ते पाचच्या मधे, गर्दी नसताना, चारही मालाचं एकेक पाकीट घेऊन जा. एक फोडून चव द्या, पाकीट त्यांच्याकडेच ठेवा. बोलताना त्यांच्यासमोर कॅटलॉग पाठवा आणि तो उघडला का ते पाहा. दर विचारला की मगच दरपत्रक पाठवा. चार दिवसांनी फोन करा. आम्ही त्या फोनवर एवढंच विचारतो, "दादा, पाकीट संपलं का? कुणाला आवडलं?" दुकानदाराच्या घरात संपलं असेल तर मिश्र खोक्याची ऑर्डर बहुधा त्याच फोनवर येते.